चाळीस लेव्हलचा हिशेब

एरिक बॅरोन याने ‘स्टारड्यू व्हॅली’ हा गेम एकट्याने केला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, प्रोग्रॅमिंगही त्याचंच. सुरुवातीला काही महिन्यांचं काम वाटलं होतं. गेम बाजारात आला २०१६ मध्ये, साडेचार वर्षांनी. त्याचं भलं झालं. पण नोकरी सांभाळून पहिला गेम वर्षात विकायला काढायचा असेल, तर कल्पना सुचल्यावर आधी तासांचा हिशेब मांडावा.

समजा, आठवड्याला दहा तास मिळतात. आजारपण, सणवार वजा जाता ४८ आठवडे, म्हणजे ४८० तास. शेवटचे तीन महिने, म्हणजे १२० तास, आधीच बाजूला काढायचे: दुसऱ्यांकडून खेळवून घेणं, चुका काढणं, डेमो, ट्रेलर, स्टीमवरचं पान. आणखी १२० तास अशा कामांत जातात जी कुणाला दिसत नाहीत. मेन्यू, खेळ सेव्ह करणं, आवाजाच्या सेटिंग्ज, वेगवेगळ्या आकारांचे स्क्रीन. नवखा माणूस हीच कामं धरायला विसरतो. खेळाचा गाभा, म्हणजे पात्राची हालचाल आणि कोड्याचे नियम, उभा करायला ८०. लेव्हल बनवायला उरले १६०.

आता लेव्हल किती? हे मनाने ठरवू नये. तीन-चार लेव्हल चित्र-आवाजासकट पूर्ण कराव्यात आणि शेवटच्या लेव्हलचे तास मोजावेत. पहिलीचे मोजण्यात अर्थ नाही, कारण तिच्यात अवजारं जमवण्याचाही वेळ गेलेला असतो. चार तास लागले असतील, तर चाळीस लेव्हल. वहीत शंभर लिहिल्या असल्या तरी चाळीसच.

एवढं ठरल्यावरही घात होतो तो मधल्या महिन्यांत. ‘पात्राला हवेत दुसरी उडी मारता आली तर?’ उडी एका संध्याकाळी तयार होते, पण जुन्या सगळ्या कोड्यांना तिच्यामुळे पळवाट फुटते. प्रत्येक लेव्हल दुरुस्त करायला एक तास धरला, तरी चाळीस तास, म्हणजे दहा लेव्हल गेल्या. म्हणून नियम तिसऱ्या महिन्याअखेर गोठवावेत. सहाव्या महिन्यात गेम, ओबडधोबड का होईना, सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळता येत नसेल, तर लेव्हल कापाव्यात, तारीख हलवू नये.

तारखेला स्टीमचेही नियम आहेत. दर गेममागे शंभर डॉलर भरल्यावर नवख्याला गेम विक्रीला आणण्याआधी तीस दिवस थांबावं लागतं, आणि ‘लवकरच’ असं पान किमान दोन आठवडे लोकांसमोर असावं लागतं.

कापायलाही मर्यादा आहे. दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम चौदा दिवसांत परत करून पैसे मागता येतात. चार मिनिटांची एक धरली, तर चाळीस लेव्हल म्हणजे दोन तास चाळीस मिनिटं. तीसच्या खाली गेलात, तर किंमतही उतरवा.