तापलेला फोन आणि बंद पडलेला फोन

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात येणारी एक ठरलेली तक्रार म्हणजे "फोन तापतो आणि बंद पडतो." दोन वाक्यं एका दमात येतात, म्हणून दुखणंही एकच असेल असं ऐकणारा धरून चालतो. प्रत्यक्षात कित्येकदा ती दोन वेगळी दुखणी असतात आणि त्यांचे उपायही वेगळे. एकात सेटिंगमध्ये जाऊन काम भागतं, दुसऱ्यात स्क्रू काढावे लागतात.

तेव्हा दुकानदाराने पहिला प्रश्न विचारायला हवा तो असा: बंद पडण्याआधी फोनने काही सांगितलं का?

खरोखर उष्णतेमुळे थांबणारा फोन सहसा गुपचूप थांबत नाही. आत ठिकठिकाणी तापमान मोजणारे छोटे संवेदक बसवलेले असतात. आकडा वाढू लागला की प्रोसेसरचा वेग उतरतो, पडदा मंद होतो, फ्लॅश बंद होतो, चार्जिंग रेंगाळतं किंवा थांबतं, मग कॅमेऱ्यावर इशारा येतो. एवढं करूनही भागलं नाही तरच फोन स्वतःला बंद करतो, आणि तेव्हा तो हातात धरवत नाही इतका गरम असतो. आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस हवेत वापरावा असं त्याची कंपनीच सांगते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात सावलीतलाच पारा याच्या बराच वर असतो. तिथे दुपारी मांडवाबाहेर उभं राहून, पॉवर बँक लावून हळदीचं फोर-के चित्रण करणाऱ्याचा फोन थांबला, तर त्यात बिघाड शोधू नये. चित्रणाचा दर्जा उतरवावा, कव्हर काढावं, पॉवर बँक सोडवावी आणि सावली गाठावी. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नये. आत दव धरतं आणि नवंच दुखणं मागे लागतं.

दुसऱ्या प्रकारात इशारा नसतो. बॅटरी ३८ टक्के दाखवत असते, फोन जेमतेम कोमट असतो, कॅमेरा उघडला की पडदा काळा. चार्जर लावून चालू केला तर पुन्हा तेच ३५-३८ टक्के. मालक म्हणतो, "अपडेट आल्यापासून बिघडला." मला विचाराल तर अपडेटवर इतका खोटा आळ दुसऱ्या कुठल्या लक्षणाने आला नसेल.

इथे होतं काय, ते थोडा हिशेब मांडून पाहू. आकडे ढोबळ आहेत, पण गोष्ट खरी आहे. ३८ टक्के भरलेल्या लिथियम बॅटरीचा निवांत असतानाचा दाब साधारण ३.७५ व्होल्ट असतो. कॅमेरा उघडताच सेन्सर, प्रोसेसर आणि उजळलेला पडदा एकदम जागे होतात आणि क्षणभर अडीच अँपिअर वीज ओढतात असं धरा. प्रत्येक बॅटरीच्या पोटात स्वतःचा थोडा रोध असतो. नव्या बॅटरीत तो ०.१ ओहम धरला, तर अडीच अँपिअरला पाव व्होल्ट आतच खर्च होतो आणि फोनला साडेतीन मिळतात. काम निभतं. तीन-चार वर्षं रोज चार्ज झालेल्या बॅटरीत हाच रोध ०.३ ओहम झाला, तर पाऊण व्होल्ट आतच जातो आणि फोनच्या वाट्याला तीनच उरतात. तेवढ्यावर फोनची यंत्रणा तग धरत नाही. दाब ठरलेल्या पातळीखाली गेला की वीज सांभाळणारी चिप तत्क्षणी पुरवठा तोडते, निरोप लिहायलाही वेळ मिळत नाही. शेतातली मोटर सुरू होताना वस्तीवरचे दिवे क्षणभर मंदावतात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की फोन मंदावत नाही, विझतो.

म्हणूनच असा फोन सकाळी भरलेल्या बॅटरीवर नीट फोटो काढतो आणि संध्याकाळी दगा देतो: पूर्ण भरलेल्या बॅटरीत पाऊण व्होल्ट गमावूनही पुरेसा दाब उरतो. थंडीत रोध आणखी वाढतो, म्हणून डिसेंबरच्या पहाटे तक्रारी जास्त. आणि हाच वाढलेला रोध तापण्याचंही कारण असतो. तीन अँपिअरने चार्ज करताना नव्या बॅटरीत जेमतेम एक वॅट उष्णता होत असेल, तर या थकलेल्या बॅटरीत जवळपास तिप्पट होते. एकाच कारणाने तापणं आणि बंद पडणं अशी जोडी खरोखर जमते, ती इथे.

सॉफ्टवेअर आणि हार्डवेअर यांची सीमा कंपन्यांनाही पुसट करता येते. आयफोन ६ आणि ६एस असेच अचानक बंद पडत होते. २०१७ च्या सुरुवातीला आलेल्या अपडेटमध्ये अ‍ॅपलने, बॅटरी थकलेली असेल तर प्रोसेसरने एका झटक्यात ओढायच्या विजेवर मर्यादा घातली. बंद पडणं कमी झालं, फोन मात्र संथ झाले आणि त्याचं कारण डिसेंबरमध्ये जाहीर झाल्यावर मोठा गदारोळ उठला. दोष बॅटरीत होता, मलमपट्टी सॉफ्टवेअरची होती. याच्या नेमकं उलट २०२३ मध्ये घडलं. नवा आयफोन १५ प्रो फार तापतो म्हणून लोकांनी त्याच्या टायटॅनियमच्या चौकटीला दोष दिला. निघाला तो आयओएस १७ मधला एक दोष आणि काही अ‍ॅपचा हावरेपणा. १७.०.३ हे अपडेट आलं आणि एकही स्क्रू न काढता तक्रार निवळली.

मग घरच्या घरी निवाडा कसा करायचा? सगळ्यात उपयोगी चाचणी अगदी साधी आहे: फोन पूर्ण बंद करून चार्जिंगला लावा. बंद फोनमध्ये एकही अ‍ॅप चालत नाही. तरीही तो पहिल्यासारखाच तापत असेल, तर अ‍ॅप आणि अपडेट दोन्ही निर्दोष सुटले. आता हात लावून पाहा. फक्त खालचं टोक, पिनेजवळ, चटका देत असेल तर चार्जिंग जॅकमधली घाण, गंज किंवा ढिली पिन. तिथे आधी वायर आणि चार्जर बदलून पाहावा. पाठीचा मोठा भाग तापत असेल तर संशय बॅटरीवर. कॅमेऱ्याच्या आसपास एकच ठिपका तापत असेल, तर मात्र बोर्डकडे पाहावं लागेल.

बंद असताना थंड आणि चालू असताना गरम, असं निघालं तर सॉफ्टवेअरचा माग काढावा. मोठ्या अपडेटनंतर फोन मागच्या बाजूला फोटोंची वर्गवारी आणि अ‍ॅपची फेरजुळणी करतो. ते एक-दोन दिवस चालतं आणि आपोआप थांबतं. अँड्रॉइडवर सेफ मोडमध्ये चालू केलं की बाहेरून टाकलेली अ‍ॅप निजतात. तिथे फोन थंड राहिला तर चोर त्यांच्यातच आहे, आणि सेटिंगमधली बॅटरीच्या वापराची यादी बहुधा त्याचं नाव सांगते.

इशारा न देता बंद पडणाऱ्या फोनसाठी उलट चाचणी: चार्जर लावून कॅमेरा उघडा. चार्जरवर सुरळीत चालतो आणि काढला की विझतो, तर कमी पडणारी वीज चार्जर भरून काढतोय, आणि बॅटरी बदलण्याची वेळ झाली आहे. चार्जर असूनही कॅमेरा उघडताच विझत असेल, तर कॅमेऱ्याचा भाग किंवा बोर्ड.

कारागीर इथून पुढे बॅटरी काढून फोन डीसी सप्लायला जोडतो. पॉवर बटण दाबण्याआधी मीटरचा काटा शून्यावर हवा. बटण न दाबताच तो काही मिलिअँपिअर सरकला तर बोर्डवर कुठेतरी वीज गळते आहे. दुकानाच्या भाषेत, सेट शॉर्ट आहे. ही चाचणी केल्याशिवाय "बोर्ड गेलाय" असं सांगणाऱ्याकडे फोन सोडू नये. आणि पडदा किंवा मागचं झाकण कडेने उचललेलं दिसलं तर यातली एकही चाचणी करायची नाही. ती बॅटरी फुगली आहे. फोन बंद करावा, चार्जिंगला लावू नये, झाकण दाबून बसवू नये आणि तो तसाच दुकानात न्यावा.