लॉगॅरिथमच्या उत्तराचा ताळा

log₂ 8 = 3 या विधानाचा अर्थ एवढाच, की 2 चा तिसरा घात 8 असतो. लॉगॅरिथम म्हणजे घातांकच, फक्त उलट बाजूने विचारलेला: पायाला कितवा घात दिला म्हणजे ही संख्या मिळेल? पाया 2 असेल, तर घातांक धन, ऋण किंवा शून्य यांपैकी काहीही घेतला तरी उत्तर धनच येते. 2³ म्हणजे 8, 2⁰ म्हणजे 1 आणि 2⁻³ म्हणजे एक अष्टमांश. त्यामुळे log₂ 0 आणि log₂(−8) यांना वास्तव संख्यांमध्ये काहीच किंमत नाही. लॉगच्या कंसात धन संख्याच हवी. x च्या ज्या किमतींना ही अट पाळली जाते, त्या सर्व किमती मिळून त्या राशीचा प्रांत होतो. पायालाही अट आहे: तो धन असावा आणि 1 नसावा.

लॉगची समीकरणे सोडवताना आकडेमोड बिनचूक असूनही उत्तर चुकते, ते बहुधा प्रांताकडे दुर्लक्ष झाल्याने. पुढील समीकरण पाहा.

log₂(3 − x) + log₂(1 − x) = 3

दोन लॉगची बेरीज म्हणजे गुणाकाराचा लॉग, या नियमाने डावी बाजू log₂[(3 − x)(1 − x)] अशी होते. लॉग 3 असल्याने कंसातला गुणाकार 2³, म्हणजे 8 हवा. कंस सोडवले की x² − 4x + 3 = 8, म्हणजेच x² − 4x − 5 = 0 हे वर्गसमीकरण मिळते. त्याचे अवयव (x − 5)(x + 1), म्हणून x = 5 किंवा x = −1.

आता दोन्ही किमती मूळ समीकरणात घालू. x = −1 घेतल्यास कंसांत 4 आणि 2 येतात. log₂ 4 म्हणजे 2, log₂ 2 म्हणजे 1 आणि बेरीज 3. ताळा जमला. x = 5 घेतल्यास कंसांत −2 आणि −4 येतात. दोन्ही लॉग अस्तित्वातच नाहीत, तेव्हा 5 ही उकल नव्हे.

उत्तर ऋण आले की ते खोडायचे, असा अनेकांचा समज असतो. इथे तो नेमका उलटा पडतो: ऋण उत्तर टिकते आणि धन उत्तर बाद होते. अट x वर नसून लॉगच्या कंसातल्या संपूर्ण राशीवर असते. प्रस्तुत उदाहरणात 3 − x आणि 1 − x दोन्ही धन हवेत, म्हणजे x हा 1 पेक्षा लहान हवा. ही अट सुरुवातीलाच समासात लिहून ठेवली, तर 5 चा निकाल एका नजरेत लागतो.

मग 5 आला कुठून? log a + log b = log(ab) हा नियम a आणि b दोन्ही धन असतानाच लागू असतो. पण दोन ऋण संख्यांचा गुणाकारही धनच असतो. त्यामुळे लॉग एकत्र केल्यावर मिळालेली डावी बाजू x < 1 असताना तर चालतेच, शिवाय x > 3 असतानाही चालते. नियम लावताना प्रांत रुंदावला आणि त्या वाढीव भागातून 5 आत शिरला. एकत्र केलेल्या समीकरणात 5 घालून पाहिला तर (−2)(−4) = 8, म्हणजे ताळा जमल्यासारखाच दिसतो. म्हणून ताळा मधल्या पायरीत न घेता दिलेल्या मूळ समीकरणातच घ्यावा लागतो.

मूळ समीकरणातही घाई नडते. log₂(x − 5) = log₂(2x − 3) यात कंस समान मानले की x = −2 येतो आणि दोन्ही बाजूंना log₂(−7) मिळतो. दोन्हीकडे सारखेच दिसते म्हणून उत्तर बरोबर, असे म्हणता येत नाही, कारण मुळात log₂(−7) नाहीच. या समीकरणाला वास्तव उकल नाही आणि ‘उकल नाही’ हेच त्याचे पूर्ण उत्तर आहे.

याच्या उलट प्रकारची चूक जास्त लपलेली असते. log₁₀(x²) = 2 या समीकरणात घातांक पुढे आणून 2 log₁₀ x = 2 असे लिहिले की x = 10 मिळतो आणि त्याचा ताळाही जमतो. पण (−10)² सुद्धा 100 असल्याने −10 हीदेखील खरी उकल आहे. x² चा लॉग शून्य सोडून प्रत्येक x साठी असतो, तर log x फक्त धन x साठी. इथे प्रांत आक्रसला आणि एक उकल गळाली. ताळ्याने हाती आलेले उत्तर पारखता येते, गळालेले उत्तर कळत नाही. म्हणून प्रत्येक पायरीवर प्रांताकडे लक्ष हवे: तो रुंदावला तर उत्तरे पारखून घ्यायची, आक्रसला तर सुटलेला भाग वेगळा तपासायचा.

नियमच नीट आठवत नसेल, तर सोप्या संख्या घालून तो पडताळता येतो, पण संख्या जपून निवडायला हव्यात. 2² × 2² चे उत्तर 16, म्हणजे 2⁴. इथे घातांकांची बेरीज करा वा गुणाकार, दोन्हींनी 4 च येतात, त्यामुळे खरा नियम कोणता हे ठरत नाही. 2³ × 2² घेतले की उत्तर 32, म्हणजे 2⁵ येते आणि बेरीजच खरी ठरते. तसेच log(2 + 2) आणि log 2 + log 2 योगायोगाने समान असतात. 100 आणि 10 घेतल्यास मात्र log₁₀ 110 सुमारे 2.04 आणि log₁₀ 100 + log₁₀ 10 म्हणजे 3, हा फरक लगेच उघड होतो. पडताळणीसाठी 0, 1, 2 टाळावेत आणि दोन्ही संख्या वेगवेगळ्या घ्याव्यात.

उत्तर दशांशात असेल, तर आधी अंदाज बांधावा. 3ˣ = 20 मध्ये 3² = 9 आणि 3³ = 27, म्हणून x हा 2 आणि 3 यांच्या दरम्यानच असणार. log 20 मधून log 3 वजा करणाऱ्याला सुमारे 0.82 मिळतात आणि चूक तिथेच कळते. बरोबर रीत भागाकाराची: log 20 ÷ log 3, म्हणजे सुमारे 2.73. ताळ्यासाठी 3 चा 2.73 वा घात काढला तर 20.07 च्या आसपास येतो. हा फरक दोन दशांश स्थळांपर्यंत आसन्न किंमत घेतल्यामुळे पडलेला आहे. 2.7268 घेतल्यास तो जवळजवळ नाहीसा होतो. जास्त दशांश स्थळे घेतल्यावर फरक घटत गेला तर रीत बरोबर. तो तसाच राहिला तर चूक आधीच्या पायऱ्यांत शोधावी.