रात्री दोनची रांगण्याची शाळा

रात्रीचे पावणेदोन. घर गाढ झोपलेले. अचानक कॉटचा कठडा खडखडतो आणि पाठोपाठ रडण्याचा आवाज येतो. दिवा लावून पाहावे, तर नऊ महिन्यांचे चिरंजीव दोन्ही हातांनी गज घट्ट धरून उभे! डोळे अर्धवट मिटलेले, पाय लटपटताहेत. आडवे करून थोपटावे, तर पुन्हा उभे. आमच्या नातवाने गेल्या वर्षी सलग चार रात्री हा खेळ मांडला. शेजारच्या काकूंनी निदान केले, ‘दात येताहेत.’ आमच्या वन्संनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. सूनबाईला वाटले, दूध पुरत नसावे. म्हणून ती प्रत्येक वेळी पाजू लागली. खरे कारण मात्र वेगळेच होते. चिरंजीव त्याच आठवड्यात धरून उभे राहायला शिकले होते.

तान्ह्या मुलाची झोप सलग नसते. साधारण तासाभराचे एक आवर्तन संपले, की मूल क्षणभर चाळवते. एरवी ते कूस बदलून पुन्हा झोपी जाते. पण अंगात नवी हालचाल मुरत असली, की याच क्षणी हातपाय आपोआप ती करू लागतात. मूल ओणवे होते, गुडघ्यांवर झुलते, गज सापडला की उठते, आणि तोवर झोप पार उडालेली असते. इस्रायलमधील हैफा विद्यापीठाच्या अनात शेर यांनी रांगू लागणाऱ्या बाळांच्या झोपेचा काही महिने मागोवा घेतला. रांगणे सुरू होताना रात्रीचे जागणे वाढते आणि सुमारे तीन महिन्यांत पूर्वपदावर येते, असे त्यांना दिसले.

उभे राहणाऱ्या बाळाची आणखी एक अडचण असते. त्याला उठता येते, पण बसता येत नाही! आपण शिडी चढून वर अडकलो, तर जसे वाटेल, तसेच हे. म्हणून ते रडते. आपण येऊन झोपवले की सुटका होते खरी, पण खाली यायचे कसे, हे त्याला कळत नाही. शिवाय दर वेळी आई धावत आली, की त्याचा मजेदार खेळ होतो. आमच्या सूनबाईने एका रात्री त्याला अकरा वेळा आडवे केले होते!

मग आम्ही शिकवणी दिवसा सुरू केली. दिवाणाला धरून तो उभा राहिला, की त्याचे आवडते खुळखुळे जमिनीवर ठेवायचे. एक हात दिवाणावरच राहू द्यायचा, गुडघ्यामागे हलकेच बोट लावून ते वाकवायचे आणि बूड टेकेपर्यंत कमरेला आधार द्यायचा. दिवसातून तीन-चार वेळा, पाच-पाच मिनिटे. पाचव्या दिवशी तो आपला आपण धपकन बसला आणि स्वतःच टाळ्या पिटू लागला.

रात्रीचा नियमही बदलला. नुसती कुरकुर असेल, तर दोन-तीन मिनिटे थांबायचे. रडू वाढले, तर दिवा न लावता, न बोलता एक-दोनदा आडवे करायचे आणि शेजारी बसून हात ठेवायचा. भुकेच्या वेळेचे दूध द्यायचेच, पण प्रत्येक जागेला नवे दूध नाही. दहाव्या रात्री तो उठला, स्वतःच बसला आणि कलंडला.

या दिवसांत कॉटकडे मात्र आधी पाहावे. मूल बसू लागले, की गादीची पातळी खाली करावी आणि उभे राहण्याआधी ती सर्वांत खालच्या खाचेवर आणावी. गजांमधील फट सहा सेंटिमीटरहून जास्त नको. उशा, लोड, मोठी खेळणी आत ठेवू नयेत. त्यांच्यावर चढून मूल बाहेर पडते, आणि लहान बाळाचा श्वासही त्यात कोंडू शकतो. आपल्याकडची झोळी किंवा टांगता पाळणाही आता बंद करावा. रांगणारे मूल त्यात उठले, की तोल जाऊन खाली येते. बाळाला उताणेच निजवावे. नंतर ते आपणहून पालथे झाले, तर पुनःपुन्हा उलटवत बसायला नको.

प्रत्येक जागरण याच कारणाने असते, असे मात्र समजू नये. दिवसा मूल हसतेखेळते, नीट पिते आणि रात्री ओणवे किंवा उभे सापडते, तर खूण पटली. पण ताप, दूध नाकारणे, श्वासाला त्रास, आडवे करताच कळवळणे, रोजचे घोरणे किंवा आधी येणारी हालचाल न येणे, यांपैकी काही दिसले तर डॉक्टरांना दाखवावे.

आमच्या घरात शांतता नांदली ती तीन महिने. मग एका रात्री पुन्हा खडखडाट झाला. चिरंजीव गज सोडून, हात पसरून, कॉटमध्ये पहिले पाऊल टाकत होते. सूनबाईने दिवा लावला नाही. ती नुसती शेजारी जाऊन बसली.