गुरुवारी चाचणी, शनिवारी पत्र, सोमवारी ड्युटी

किराणा माल घरपोच देणाऱ्या एखाद्या कंपनीला मोशीच्या गोदामासाठी दिवाळीपूर्वी तीस ड्रायव्हर हवे आहेत, असं धरू. गाड्या छोटा हत्ती आणि पिकअप. कंपनी चौकात फ्लेक्स लावते, ‘थेट मुलाखत, येताना लायसन्स आणा’. ठरलेल्या दिवशी सव्वाशे माणसं येतात. संध्याकाळी वह्या भरतात, फोटो निघतात आणि ‘आठ दिवसांत कळवतो’ असं सांगून सगळ्यांना घरी पाठवतात. आठ दिवसांनी फोन करावा, तर चांगले ड्रायव्हर दुसरीकडे रुजू झालेले असतात. रोजच्या कमाईवर घर चालवणारा माणूस आठवडाभर हात बांधून बसू शकत नाही. म्हणूनच अशा भरतीत त्याच आठवड्यात नेमणुकीचं पत्र हातात पडणं हाच कामाचा गाभा आहे, आणि त्याची तयारी फ्लेक्स लागण्याच्या आधी करावी लागते.

पहिला प्रश्न दिवसाचा. पिंपरी-चिंचवड, भोसरी पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते. त्या कारखान्यांचा माल वाहणारे ड्रायव्हर त्या दिवशी मोकळे असतात, त्यांना हजेरी बुडवून यावं लागत नाही. आठवडाही विचार करून निवडावा. अनेक ठिकाणी पगार महिन्याच्या सात ते दहा तारखेपर्यंत होतो, आणि अडकलेला पगार हातात आल्याशिवाय जुनी नोकरी कोणी सोडत नाही. दहा तारखेनंतरचा गुरुवार घेतला, तर सोमवारी रुजू होणं त्या माणसाला खरोखर शक्य असतं.

दुसरा प्रश्न, एका दिवसात किती जणांची परीक्षा घेता येईल? इथे बहुतेक भरत्या फसतात. कागद पाहायला पाच मिनिटं लागतात, पण गाडी चालवून दाखवायला पंधरा आणि शेरा लिहायला पाच. म्हणजे एका गाडीवर तासाला तीन माणसं होतात, आणि सात तासांत एकवीस. तीस जण रुजू व्हायला हवेत, तर शेवटच्या क्षणी मागे फिरणारे धरून चाळीस योग्य माणसं हाताशी असलेली बरी. चालवण्याच्या चाचणीत तिघांपैकी दोघे उतरतील असा अंदाज बांधला, तर साठ चाचण्या लागतात. त्यासाठी तीन गाड्या आणि तीन परीक्षक हवेत. दोनच गाड्या असतील तर भरती गुरुवार-शुक्रवार अशी दोन दिवस ठेवावी. टेबलं, खुर्च्या, माणसं कितीही वाढवली तरी वेग गाड्यांवरच ठरतो.

गाडीची किल्ली देण्याआधी लायसन्स तपासायलाच हवं. लायसन्स नसलेल्या माणसाच्या हातून चाचणीत अपघात झाला, तर विम्याचा प्रश्न कंपनीच्या गळ्यात येतो. कार्ड नुसतं डोळ्यांनी पाहून भागत नाही. परिवहन खात्याच्या पोर्टलवर लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख टाकली की ते चालू आहे का, कोणत्या वर्गाचं आहे आणि मुदत कधी संपते, हे समोर येतं. याच टेबलावर उलट दिशेची चूकही होते. ‘ट्रान्सपोर्ट’चा शेरा नाही म्हणून चांगली माणसं परत पाठवली जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केलं आहे की, हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला ड्रायव्हर एकूण वजन ७,५०० किलोपेक्षा कमी असलेलं मालवाहू वाहन वेगळ्या शेऱ्याशिवाय चालवू शकतो. छोटा हत्ती आणि पिकअप या मर्यादेच्या पुष्कळ आत येतात. टेबलावर बसणाऱ्याला हा नियम माहीत नसेल, तर दारातच निम्मी भरती वाया जाऊ शकते.

कागदानंतर सहा मीटरवरून अक्षरं वाचून घ्यावीत आणि मग गाडी द्यावी. सगळ्यांना रस्ता तोच, आणि शेऱ्याचा कागदही तोच. वेगाला गुण नसावेत. किल्ली फिरवण्याआधी त्याने टायर पाहिले का, सीट आणि आरसे लावून घेतले का, चढावर गाडी मागे न सरकवता उचलली का, अरुंद बोळात आरशावर रिव्हर्स घेतली का, एवढं पुरतं. शेरा पुढचा माणूस गाडीत बसण्याआधीच लिहावा, नाहीतर दुपारनंतर सगळे चेहरे एकमेकांत मिसळतात.

या सगळ्यात ड्रायव्हरचे प्रश्न ठरलेले असतात. हातात किती पडणार? ड्युटी किती तास? माल कोण चढवणार? चलान कोण भरणार? या चारही प्रश्नांची उत्तरं पहिल्याच टेबलावर, मराठीत छापलेल्या एका कागदावर मिळायला हवीत. फ्लेक्सवर १८,००० रुपये लिहिलं आणि पगाराच्या दिवशी १५,८६५ हातात आले, की माणूस फसवणूक झाली असंच समजणार. पंधरा हजारांच्या मर्यादेवर पीएफचे १,८००, ईएसआयचे १३५ आणि व्यवसाय कर २०० वजा होतात. हा हिशेब त्याच्यासमोर मांडावा. दुसरीकडे त्याला रोख १७,००० मिळत असतील, तर ही नोकरी का घ्यावी हेही मग सांगता येतं. त्याच्या पीएफमध्ये कंपनी स्वतःचा वाटा घालते, आणि ईएसआयमध्ये कुटुंबाच्या उपचारांची सोय होते. सव्वीस दिवस आणि आठ तासांच्या हिशेबाने एका तासाचे सुमारे साडेशहाऐंशी रुपये होतात. दुप्पट दराने ओव्हरटाइमच्या तासाचे १७३ होतात, हेही कागदावर असावं.

संध्याकाळी शेऱ्यांचे कागद हातात आले की खरा उशीर सुरू होतो, कारण सही करणारा साहेब मुख्य कार्यालयात असतो. पदांची संख्या आणि पगाराचा आकडा आधीच मंजूर करून घ्यावा, आणि सहीचा अधिकार असलेला माणूस त्या दिवशी गोदामातच बसवावा. शुक्रवारी आधीच्या मालकाला एक फोन, ‘किती दिवस होता, का सोडलं’ एवढंच विचारायला. पोलिसांच्या पडताळणीला वेळ लागतो. तिची वाट न पाहता, ‘पडताळणी समाधानकारक असल्यास नेमणूक कायम’ अशी अट पत्रात घालून शनिवारी पत्र द्यावं. पत्रं तीसच द्यावीत. तीस जागांसाठी चाळीस पत्रं वाटणं म्हणजे दहा घरांना फसवणं. उरलेल्या दहांना त्यांचा प्रतीक्षा क्रमांक सांगावा, आणि रविवारी संध्याकाळी रुजू होणाऱ्यांना फोन करून जागा रिकामी झाली तर लगेच पुढच्याला बोलवावं. ज्यांना घेतलं नाही त्यांना त्याच दिवशी कारण कळावं. मुदत संपलेलं लायसन्स हे कारण असेल, तर तो माणूस नूतनीकरण करून पुन्हा येऊ शकतो.

गर्दी जमली की कंपनीच्या नावावर पैसे मागणारे मध्यस्थही जमतात. ‘या नोकरीसाठी कोणालाही पैसे देऊ नका’ हे फ्लेक्सवरच मोठ्या अक्षरांत असावं. आणि मूळ लायसन्स तर कंपनीने कधीच ठेवून घेऊ नये. छायाप्रत पुरते.

व्यवस्था कुठे तुंबली हे टोकनवरून कळतं. प्रत्येक टेबलावर आल्याची आणि गेल्याची वेळ टोकनवर लिहिली, तर संध्याकाळी नेमकी जागा दिसते. टोकन घेऊन निघून गेलेले किती, हा त्याहून महत्त्वाचा आकडा आहे. भरती यशस्वी झाली का, हे मात्र गुरुवारच्या गर्दीवरून ठरवू नये. पहिला पगार झाल्यावर तीसपैकी किती जण ड्युटीवर आहेत ते मोजावं, आणि जे गेले त्यांना कारण विचारावं. ‘माल मलाच चढवायला लावला’ किंवा ‘चलान माझ्याच पगारातून कापलं’ अशी उत्तरं आली, तर पुढच्या भरतीत पहिल्या टेबलावरचा कागद आधी दुरुस्त करायचा.