पैसा, बंदुका आणि वीस गुण

आंतरराष्ट्रीय कायद्याचा पेपर काढताना मी गोष्ट आधी लिहीत नाही, गुण कशाला द्यायचे ते आधी ठरवतो. या वेळचा प्रश्न वीस गुणांचा होता. दक्षिणगड हा काल्पनिक देश शेजारच्या उत्तरगडातल्या बंडखोरांना पैसा, बंदुका आणि प्रशिक्षण देतो. बंडखोर उत्तरगडाच्या चौकीवर हल्ला करून चौदा जवान मारतात. दक्षिणगडाचा संरक्षणमंत्री त्यांना 'शूर' म्हणतो. तीन आठवड्यांनी उत्तरगड सीमेपासून दोनशे किलोमीटर आत असलेलं वीजकेंद्र बॉम्बने उडवतो. आता उत्तरगडाला कायदेशीर सल्ला द्या.

पहिल्या खर्ड्यात दक्षिणगडाचे अधिकारी स्वतः चौकी निवडतात आणि हल्ल्याचा हुकूम देतात, असं लिहिलं होतं. तिथेच प्रश्न मेला, कारण हल्ला दक्षिणगडाच्या माथी मारायला वादच उरला नाही. ते वाक्य काढलं आणि बंडखोराच्या खिशात दक्षिणगडाच्या लष्कराचा नकाशा सापडल्याचं घातलं. नकाशा मदतीचा पुरावा आहे, हुकुमाचा नाही.

या गोष्टीचं मूळ निकाराग्वा विरुद्ध अमेरिका या खटल्यात आहे. 1986 मध्ये हेगच्या न्यायालयाने सांगितलं की अमेरिकेने काँट्रा बंडखोरांना पैसा आणि शस्त्रं दिली, तरी त्यांनी केलेले अत्याचार अमेरिकेचे ठरत नाहीत. त्यासाठी त्या विशिष्ट कारवायांवर अमेरिकेचं प्रभावी नियंत्रण सिद्ध व्हायला हवं होतं. पण शस्त्रं आणि प्रशिक्षण देणं ही अमेरिकेची स्वतःचीच कृती होती आणि तो बळाचा वापर ठरला. नुसता पैसा देणं मात्र बळाचा वापर नव्हे, तो अंतर्गत कारभारात हस्तक्षेप. बहुतेक उत्तरपत्रिका इथेच घसरतात: बंडखोरांचं कृत्य आणि त्यांना मदत करणाऱ्याचं कृत्य यांचा एकच काला होतो.

म्हणून गुणदानात ही फोड करण्यालाच आठ गुण ठेवले. त्यातले दोन मंत्र्याच्या 'शूर' या शब्दाचे. नुसतं कौतुक पुरत नाही, देशाने ते कृत्य स्वतःचं म्हणून स्वीकारावं लागतं. तेहरानच्या ओलीस प्रकरणात इराणच्या सरकारने दूतावासाचा ताबा तसाच पुढे चालू ठेवायचं ठरवलं, तेव्हा तो सरकारचा ठरला.

पाच गुण 'सशस्त्र हल्ला' झाला का याचे. स्वसंरक्षणाचा हक्क त्यावरच उघडतो, आणि शस्त्रपुरवठा बळाचा वापर असला तरी त्या न्यायालयाच्या मते सशस्त्र हल्ला नव्हे. पुढचे पाच वीजकेंद्राचे: तीन आठवड्यांनी केलेला मारा आवश्यक होता की सूड, आणि दोनशे किलोमीटर आतल्या वीजकेंद्राचा चौकीवरच्या हल्ल्याशी काय संबंध? उरलेले दोन भरपाई आणि सुरक्षा परिषदेला कळवण्याचे.

दोन परीक्षक वेगळे गुण देतात ते निष्कर्षावरून. त्यामुळे वर ठळक अक्षरांत लिहिलं: निष्कर्षाला गुण नाहीत. हल्ला दक्षिणगडाचाच, असं चुकून मानलेल्या मुलाने पुढचा युक्तिवाद त्याच धाग्याने नीट नेला, तर एकाच चुकीसाठी दोनदा गुण कापायचे नाहीत.