विश्लेषण : ऑफर लेटर ‘अ‍ॅक्सेप्ट’ करण्याआधी कॉल कसा मागायचा?

बुधवारी सायंकाळी सव्वासहाला मेल येतो. विषयात ‘अभिनंदन’, सोबत नऊ पानांची पीडीएफ आणि तळाशी निळे बटण : ‘अ‍ॅक्सेप्ट’. मुदत सोमवार सायंकाळी सहापर्यंत. मधले शनिवार-रविवार वगळले तर हाती उरतात जेमतेम तीन कामाचे दिवस. अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक चूक करतात. काही जण घाईने बटण दाबतात आणि शंका नंतर विचारतात. काही जण ‘पगार थोडा वाढवता येईल का?’ असा एका ओळीचा मेल टाकून वाट पाहत बसतात. तिसरा मार्ग आहे, अर्ध्या तासाचा कॉल मागण्याचा. मात्र तो कसा मागितला यावर बरेच काही अवलंबून असते.

नेमके काय विचारायचे असते?

एक नमुना उदाहरण घेऊ. पुण्यातील सॉफ्टवेअर टेस्टर, चार वर्षांचा अनुभव, सध्याचा मासिक पगार ५८ हजार रुपये. नव्या कंपनीची ऑफर वार्षिक १२ लाख सीटीसीची. बाराने भागले की महिना एक लाख, असा हिशेब घरात लगेच होतो. पण ऑफर लेटरच्या शेवटच्या पानावरचा तक्ता वेगळे सांगतो.

या १२ लाखांत १ लाख २० हजार ‘व्हेरिएबल’, म्हणजे कामगिरीनुसार मिळणारी रक्कम आहे. मूळ वेतन ६ लाख असल्याने कंपनीचा भविष्य निर्वाह निधीतील १२ टक्के वाटा ७२ हजार होतो. ग्रॅच्युइटीसाठी मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, म्हणजे २८ हजार ८६० रुपये धरले आहेत. विम्याचा हप्ता १५ हजार. हे सगळे वजा केले की दरमहा हाती येण्याजोगा पगार ८० हजार ३४५ उरतो. त्यातून कर्मचाऱ्याचा स्वतःचा पीएफ ६ हजार आणि व्यवसाय कर २०० रुपये गेले की प्राप्तिकर धरण्यापूर्वीच बँकेत ७४ हजार १४५ जमा होणार. म्हणजे एक लाख आणि प्रत्यक्ष रक्कम यांत जवळपास २६ हजारांचा फरक. त्यातही कायम कर्मचाऱ्याची ग्रॅच्युइटी साधारणपणे सलग पाच वर्षांच्या सेवेनंतरच मिळते. दोन-तीन वर्षांत नोकरी बदलणाऱ्यासाठी तो आकडा कागदावरचाच.

यात कंपनीने फसवले असे नाही, सीटीसीची मांडणीच अशी असते. पण तक्ता वाचल्यावर पडणारे प्रश्न मेलवर एकेक करून विचारले तर चार दिवस उत्तरे येण्यातच जातात. म्हणून कॉल.

बटण दाबून नंतर बोलले तर?

भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७ नुसार प्रस्तावाला दिलेली संमती पूर्ण आणि बिनशर्त असावी लागते. पोर्टलवरचे बटण दाबणे म्हणजे अशीच संमती. त्यानंतर अटींवर बोलण्याची मुभा असते, पण बळ उरत नाही.

उलट बाजूही लक्षात घ्यायला हवी. ‘एवढे दिलेत तरच येईन’ असे कळवणे म्हणजे नवा प्रस्ताव, आणि त्याने मूळ प्रस्ताव संपतो. हे तत्त्व १८४० मधील ‘हाइड विरुद्ध रेंच’ या इंग्लंडमधील खटल्यातून रुजले. रेंचने शेत एक हजार पौंडांना देऊ केले, हाइडने साडेनऊशे सांगितले, रेंचने नकार दिला. मग हाइड हजाराला तयार झाला, पण न्यायालय म्हणाले, आता तो प्रस्ताव शिल्लकच नाही. पुढे १८८० च्या ‘स्टीव्हन्सन विरुद्ध मॅक्लीन’ खटल्यात लोखंडाच्या खरेदीदाराने फक्त विचारले होते की माल दोन महिन्यांत टप्प्याटप्प्याने देता येईल का. ही केवळ चौकशी, तिने प्रस्ताव मोडत नाही, असा निकाल लागला.

ऑफर लेटरवरचे वाद सहसा न्यायालयात जात नाहीत. पण मेलची भाषा ठरवायला हा फरक कामाचा आहे : अट घालू नका, प्रश्न विचारा. आणखी एक मर्यादा अशी की, तुमची संमती पोहोचण्यापूर्वी कंपनी प्रस्ताव मागेही घेऊ शकते आणि दिलेली मुदत उलटली की तो आपोआप संपतो. म्हणून कॉलसोबत मुदतवाढही त्याच मेलमध्ये मागावी लागते.

मेल कसा असावा?

प्रत्यक्षात हा मेल बहुधा इंग्रजीत जातो. आशय साधारण असा :

*नमस्कार मॅडम,*

*ऑफरबद्दल आभार. या भूमिकेत मला रस आहे. स्वीकारण्यापूर्वी काही मुद्दे समजून घेण्यासाठी २० ते ३० मिनिटांचा कॉल होऊ शकेल का? मला पुढील वेळा सोयीच्या आहेत : गुरुवारी दुपारी १.१५ ते १.४५, गुरुवारी सायंकाळी ७.३० नंतर, किंवा शुक्रवारी सकाळी ९ ते ९.३०. यांपैकी जमत नसेल तर आपली वेळ कळवावी.*

*बोलण्याचे मुद्दे : १) व्हेरिएबल कधी व कोणत्या निकषावर मिळते, पहिल्या वर्षी किती लागू होईल. २) ४५ दिवसांत रुजू होण्याची अट आणि माझा ९० दिवसांचा नोटीस पिरियड, तसेच जॉइनिंग बोनस परत करण्याचे कलम. ३) कामाचे ठिकाण.*

*चर्चेनंतर विचार करता यावा म्हणून स्वीकृतीची मुदत बुधवार सायंकाळी ६ पर्यंत वाढवता येईल का, तेही कळवावे.*

मेल एवढाच. यात पगारवाढीचा आकडा मुद्दाम नाही. आकडा मागायचा असेल तर तो कॉलवर, बाकीची उत्तरे ऐकल्यानंतर सांगणे सोयीचे, कारण तोवर नेमकी कमतरता कुठे आहे ते कळलेले असते.

वेळा आणि मुद्दे आधीच का द्यायचे?

फोनवर बोलणारी रिक्रूटर सहसा स्वतः निर्णय घेत नाही. बोनसचे कलम बदलायचे तर तिला वेतन विभागाची, रुजू होण्याची तारीख पुढे न्यायची तर त्या टीमच्या मॅनेजरची मंजुरी लागते. मुद्दे आधी मिळाले तर ती निदान चौकशी करून येते. नाहीतर कॉलवर ‘विचारून सांगते’ एवढेच ऐकायला मिळते आणि एक दिवस वाया जातो.

वेळांचेही तसेच. ‘कधीही फोन करा’ असे लिहिले तर फोन नेमका सध्याच्या ऑफिसातल्या मीटिंगमध्ये येतो आणि माणूस कॉरिडॉरमध्ये दबक्या आवाजात ‘हो हो, चालेल’ म्हणून मोकळा होतो. असा फोन आलाच तर ‘आत्ता ऑफिसात आहे, साडेसातला बोलूया का?’ असे सांगण्यात काही वावगे नाही. शुक्रवारी सायंकाळची वेळ मात्र देऊ नये. मंजुरीसाठी पुढे कामाचा दिवसच उरत नाही. परदेशातील कार्यालयाशी बोलायचे असेल तर वेळ दोन्हीकडची लिहावी.

कॉलवर कोणते मुद्दे हलतात?

पीएफ, विमा, श्रेणीनुसार पगाराची रचना हे सहसा सर्वांना सारखे असते. ‘आमचे लेटर स्टँडर्ड आहे’ हे उत्तर तिथे खरे असते. रुजू होण्याची तारीख, नोटीसचे पैसे, बोनसची अट आणि कामाचे ठिकाण यांत मात्र लवचिकता सापडते.

आपल्या उदाहरणात व्हेरिएबलचा प्रश्न असा विचारावा : ‘या श्रेणीत मागच्या दोन वर्षांत प्रत्यक्ष किती टक्के दिले गेले? मी जानेवारीत रुजू झाले तर मार्चअखेरच्या मूल्यमापनात माझा समावेश असेल का?’ अनेक कंपन्यांत ठरावीक तारखेनंतर आलेल्यांना त्या वर्षीचे व्हेरिएबल मिळतच नाही. ‘शंभर टक्क्यांपर्यंत’ हे उत्तर म्हणजे उत्तर नव्हे. पुन्हा विचारावे.

नोटीसचा हिशेब सर्वांत महत्त्वाचा. ९० दिवसांऐवजी ४५ दिवसांत निघायचे तर उरलेल्या ४५ दिवसांचे, म्हणजे दीड महिन्याचे ८७ हजार रुपये जुन्या कंपनीला भरावे लागतील. काही कंपन्या ही रक्कम पूर्ण पगारावर मोजतात, काही फक्त मूळ वेतनावर. आपले नियुक्तीपत्र कॉलआधी काढून पाहिलेले बरे. नवी कंपनी दीड लाख जॉइनिंग बोनस देते आहे, पण नोटीसची भरपाई त्यातच धरली आहे की वेगळी? त्यातच असेल तर बोनस उरतो ६३ हजार.

आणि परतफेडीचे कलम. वर्षभरात सोडल्यास ‘संपूर्ण’ रक्कम परत करावी लागेल की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात? अकराव्या महिन्यात सोडले तर पहिल्या अर्थाने दीड लाख, दुसऱ्या अर्थाने साडेबारा हजार. कंपनीनेच कमी केले तर काय, हेही विचारावे. ‘अशा अटी कोर्टात टिकत नाहीत’ या ऐकीव माहितीवर विसंबू नये. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली.

ठिकाणाबाबत मुलाखतीत मॅनेजर ‘आठवड्यात दोनच दिवस हिंजवडीला’ म्हणालेले असतात, लेटरमध्ये मात्र ‘कंपनीच्या कोणत्याही कार्यालयात’. लेटरच धरले जाते. बदलीचे कलम कंपनी काढणार नाही, पण पहिले ठिकाण पुणे आणि हायब्रिड असे नमूद करायला ती अनेकदा तयार होते.

‘आधी अ‍ॅक्सेप्ट करा, मग बोलू’ म्हटले तर?

असे सांगणारे भेटतात. ‘पोर्टल बंद होईल’ हे त्यांचे ठरलेले कारण. पोर्टलची तारीख मनुष्यबळ विभागच ठरवतो आणि तोच ती बदलू शकतो. पंधरा मिनिटे तरी द्यावीत, असे पुन्हा एकदा लेखी विचारावे. तरीही नकार आला तर हे तीन प्रश्न मेलवर पाठवून सोमवारी दुपारपर्यंत उत्तर मागावे. तेही न आल्यास लेटरमधल्या अटी सर्वांत प्रतिकूल अर्थाने वाचून निर्णय घ्यावा : व्हेरिएबल शून्य, बोनस पूर्ण परत, ठिकाण कुठेही. त्या हिशेबातही नोकरी परवडत असेल तर हरकत नाही.

कॉल झाल्यावर?

समजा, शुक्रवारी सकाळी बोलणे झाले. नोटीसचे वेगळे पैसे नाकारले, पण रुजू होण्याची मुदत ६० दिवसांवर नेली. म्हणजे भरायची रक्कम ८७ हजारांवरून ५८ हजारांवर आली. बोनसची परतफेड महिन्यांच्या प्रमाणात, ठिकाण पुणे. व्हेरिएबल पहिल्या मार्चला मिळणार नाही, हेही स्पष्ट झाले.

फोन ठेवल्यावर तासाभरात या चार ओळी मेलने पाठवून ‘माझी समजूत बरोबर आहे ना, आणि सुधारित ऑफर लेटर कधी मिळेल?’ असे विचारावे. ‘तोंडी ठरलेय, लेटर बदलायची गरज नाही’ असे उत्तर आले तर निदान त्या मेलला ‘हो, बरोबर’ एवढे लेखी उत्तर मागावे. रिक्रूटर तीन महिन्यांनी त्या कंपनीत असेलच असे नाही. सुधारित लेटर हाती येऊन ते स्वीकारल्याची पोच मिळेपर्यंत जुन्या कंपनीत राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्येच राहू द्यावा.