वाढीव कामाचे पैसे मागताना

समजा, एका रुग्णालयाच्या संगणकीकरणाला ४० लाख रुपये मंजूर आहेत. पुढे प्रायोजकांनी ऑनलाइन नोंदणीची भर लेखी मान्य केली, पण त्या मंजुरीत खर्चाचा आकडाच नव्हता. म्हणून प्रकल्प व्यवस्थापकाच्या पत्राने सुरुवातीलाच त्या मंजुरीचा क्रमांक आणि तारीख सांगावी. मग फक्त वाढलेला खर्च मांडावा: प्रोग्रॅमिंगचे ४.५ लाख, चाचणीचा १ लाख, प्रशिक्षणाचे ५० हजार. एकूण ६ लाख. आधीच्या कामातली तूट यात मिसळली, तर माझ्या मते पत्रावरचा विश्वासच उडतो. राखीव निधी अनपेक्षित अडचणींसाठी असतो, त्याला इथे हात लावू नये. शेवटी मुदत हवी: ‘१५ तारखेपर्यंत मंजुरी न मिळाल्यास नोंदणीचे काम थांबवून मूळ काम चालू ठेवू.’